लॅपटॉपबाहेरचं ग्राफिक्स कार्ड: डबा, वायर आणि लाखाचा हिशेब

रेझर कंपनीने २०२५ साली 'कोअर एक्स व्ही२' नावाचा एक डबा बाजारात आणला. किंमत ३४९.९९ डॉलर. आत काय मिळतं? धातूचं आवरण, एक पंखा, एक सर्किट बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड खोचायचा स्लॉट. कार्ड आपलं आपण आणायचं. त्या कार्डाला वीज पुरवणारा पॉवर सप्लायसुद्धा आपणच आणायचा. याच कंपनीचा २०१८ सालचा 'कोअर एक्स' २९९ डॉलरला मिळायचा आणि त्यात ६५० वॉटचा पॉवर सप्लाय बसवलेला असायचा. म्हणजे सात वर्षांत भाव चढला आणि डबा मात्र आणखी रिकामा झाला.

तरीही अशा डब्यांना गिऱ्हाईक आहे, आणि त्याचं कारण लॅपटॉपच्या पोटात आहे. गेमिंग लॅपटॉपची रॅम वाढवता येते, एसएसडी बदलता येते, पण ग्राफिक्सची चिप मदरबोर्डला झाळलेली असते. तीन-चार वर्षांनी नवे गेम तिला झेपेनासे होतात, तेव्हा बाकी सगळं धडधाकट असूनही मशीन म्हातारं वाटायला लागतं. मग मनात येतं की डेस्कटॉपचं दणदणीत कार्ड बाहेर एका डब्यात ठेवावं, एका वायरने लॅपटॉपला जोडावं आणि कॉलेजला जाताना वायर काढून निघावं. या जोडणीला जाणकार 'ईजीपीयू' म्हणतात. ती चालते, यात शंका नाही. मात्र खर्च कार्डावर होतो आणि निकाल वायर ठरवते. ही गोष्ट डब्याच्या खोक्यावर छापलेली नसते.

डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसतं. तिथे त्याला सोळा लेन मिळतात आणि चौथ्या पिढीच्या स्लॉटमधून एका दिशेला सेकंदाला सुमारे ३२ गिगाबाइट माहिती जाऊ शकते. थंडरबोल्ट ३ किंवा ४ च्या वायरवर '४० जीबीपीएस' लिहिलेलं असतं, पण ते गिगाबिट असतात. आठाने भागले की पाच गिगाबाइट उरतात. त्यातलाही ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला येणारा पीसीआय एक्स्प्रेसचा भाग जास्तीत जास्त ३२ गिगाबिट, म्हणजे चार गिगाबाइट. माहितीची बांधाबांध आणि सोडवणूक यांत आणखी थोडं खर्ची पडतं आणि प्रत्यक्ष मोजमापात अडीच ते तीन गिगाबाइट हाती लागतात. साखर कारखान्याची गाळपक्षमता दुप्पट केली, पण उसाचे ट्रॅक्टर आत सोडणारं फाटक बैलगाडीच्या काळातलंच ठेवलं, तर जे होईल तेच इथे होतं.

पण मग वेगही दहा पटींनी घटायला हवा. तसं होत नाही, आणि का होत नाही हे समजलं की पुढचे निम्मे निर्णय सोपे होतात. गेममधल्या भिंती, झाडं, कपडे, चेहरे यांची चित्रं एकदा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, म्हणजे व्हीरॅममध्ये, भरली की ती तिथेच राहतात. त्यानंतर प्रोसेसर दर फ्रेमला फक्त सूचना पाठवत राहतो. त्यामुळे बाहेरचा मॉनिटर थेट कार्डाला जोडला असेल तर थंडरबोल्ट ३ किंवा ४ वर साधारण पंधरा ते पंचवीस टक्के वेग गमवावा लागतो. तेच कार्ड डेस्कटॉपमध्ये शंभर फ्रेम देत असेल, तर इथे ऐंशीच्या आसपास धरावेत. गेमगणिक हा आकडा बराच हलतो.

तो कुठे हलतो तेही पाहण्यासारखं आहे. सूचना दर फ्रेमला जातात, म्हणजे फ्रेम जितक्या जास्त तितकी वायरवर गर्दी जास्त. १०८०पी रिझोल्यूशनवर दोनशे फ्रेमने खेळले जाणारे शूटर गेम म्हणूनच सगळ्यात जास्त मार खातात. उलट ४के रिझोल्यूशनवर कार्ड स्वतःच घामाघूम होऊन साठ फ्रेम काढत असतं, तेव्हा वायर फारशी आड येत नाही. स्पर्धात्मक खेळासाठी ईजीपीयू घेणाऱ्यांची निराशा होते आणि मोठ्या पडद्यावर निवांत कथाप्रधान गेम खेळणारे खूश असतात, त्यामागचं कारण हेच.

दुसरी जागा व्हीरॅमची. गेमला कार्डावर आहे त्यापेक्षा जास्त मेमरी लागली, की उरलेली चित्रं लॅपटॉपच्या रॅममध्ये ठेवावी लागतात आणि ऐनवेळी वायरवरून ओढावी लागतात. डेस्कटॉपच्या सोळा लेनवर हे थोडंफार खपून जातं. तीन गिगाबाइटच्या वाटेवर मात्र गेम अडखळतो, चित्र क्षणभर गोठतं आणि पुन्हा धावतं. सरासरी फ्रेमच्या आकड्यात हे दिसत नाही, खेळताना मात्र जीव नकोसा होतो. म्हणून डब्यात घालायला ८ जीबीचं कार्ड घेणं ही खोटी काटकसर ठरते. कार्ड एक पायरी हळू चालेल, पण १६ जीबीचं असावं.

तिसरी जागा पडदा. बाहेरचा मॉनिटर न घेता लॅपटॉपच्याच पडद्यावर खेळायचं ठरवलं, तर तयार झालेली प्रत्येक फ्रेम त्याच वायरवरून परत आणावी लागते. १९२० गुणिले १०८० इतके ठिपके आणि प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे एक फ्रेम झाली सुमारे ८३ लाख बाइटची. सेकंदाला १२० फ्रेम म्हटल्या तर जवळजवळ एक गिगाबाइट नुसती परतीची वाहतूक. वेगातली तूट आणखी वाढते आणि माउस हलवल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीरही वाढतो. मॉनिटर घरात नसेल तर त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून हिशेबात धरलेले बरे.

आता पोर्ट. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, कारण यूएसबी-सी हा नुसता भोकाचा आकार आहे. त्याच आकारातून एखाद्या लॅपटॉपवर फक्त पेनड्राइव्ह चालतो, एखाद्यावर चित्रही बाहेर येतं आणि एखाद्यावर पीसीआय एक्स्प्रेस जातं. डब्याला हे शेवटचंच लागतं. भारतात जोरात खपणाऱ्या अनेक स्वस्त गेमिंग लॅपटॉपांत यूएसबी-सी असतं, त्यातून मॉनिटरही चालतो, पण पीसीआय एक्स्प्रेस नसतं. अशा पोर्टला डबा जोडला तर काहीच होत नाही. बिघाड नाही, इशारा नाही, कार्ड यंत्राला दिसतच नाही.

थंडरबोल्टची खूण म्हणजे पोर्टशेजारचं विजेचं चिन्ह. त्याच्याजवळ ४ असेल तर ३२ गिगाबिट पीसीआय एक्स्प्रेसची हमी आहे, कारण २०२० साली आलेल्या त्या आवृत्तीत ती अट घातली गेली. थंडरबोल्ट ३ मध्ये निम्म्यावरही भागत असे. डेलचा 'एक्सपीएस १५' हा त्याचा प्रसिद्ध नमुना. त्याच्या ९५५० आणि ९५६० या मॉडेलांत थंडरबोल्ट ३ होतं, पण त्यामागे चारऐवजी दोनच लेन होत्या. चार लेन ९५७० मध्ये आल्या. चिन्ह तेच, वायर तीच, वाट मात्र निम्मी. यूएसबी४ ची गोष्ट तिसरीच आहे. त्या मानकात पीसीआय एक्स्प्रेस देणं लॅपटॉप बनवणाऱ्यावर सोपवलेलं आहे. एएमडी रायझन ६००० मालिकेपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत ते मिळतं आणि डबेही चालतात, पण नुसतं नाव वाचून पैसे मोजू नयेत. विंडोज ११ च्या सेटिंगमध्ये 'Bluetooth & devices' आणि त्यात 'USB' उघडलं की यूएसबी४ असलेल्या यंत्रावर 'USB4 hubs and devices' असा भाग दिसतो. तो नसेल तर शंका घ्यावी.

थंडरबोल्ट ५ इंटेलने २०२३ साली जाहीर केलं. त्यात पीसीआय एक्स्प्रेसची वाट दुप्पट, म्हणजे ६४ गिगाबिट झाली आहे. रेझरचा नवा डबा याच मानकाचा आहे. तो थंडरबोल्ट ४ च्या लॅपटॉपवर चालतो, पण वेग जुन्याच वाटेचा मिळतो. आणि ज्या लॅपटॉपांत थंडरबोल्ट ५ आहे ते बहुतेक वरच्या किमतीचे आहेत. त्यांच्यात आधीच तगडं कार्ड असतं, म्हणजे डब्याची गरज त्यांनाच सगळ्यात कमी. असा हा उलटा मामला आहे.

याला समांतर एक वाट आहे, ऑक्युलिंक. ही मूळची सर्व्हरमधली जोडणी. मध्ये भाषांतर करणारी चिप नसते, पीसीआय एक्स्प्रेसच्या चार लेन जशाच्या तशा वायरमधून बाहेर येतात. चौथ्या पिढीच्या चार लेन मिळाल्या तर सहा ते सात गिगाबाइट प्रत्यक्षात मिळतात, म्हणजे थंडरबोल्ट ४ च्या दुपटीहून जास्त, तेही स्वस्तात. मिनिसफोरम कंपनीचा 'डीईजी१' हा उघडा डॉक सुमारे शंभर डॉलरचा आहे. पण या वायरमधून लॅपटॉप चार्ज होत नाही आणि चालू यंत्रातून ती काढता-घालताही येत नाही, आधी बंद करावं लागतं. शिवाय हे पोर्ट फार थोड्या लॅपटॉपांत असतं. ज्यांत नसतं त्यांचे मालक तळाचं झाकण उघडून एसएसडीच्या रिकाम्या एम.२ स्लॉटमध्ये अडॅप्टर बसवतात आणि फटीतून वायर बाहेर काढतात. वेग उत्तम मिळतो, पण लॅपटॉपची ऊठबस संपते. वायर लांब किंवा हलकी असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'WHEA-Logger' च्या नोंदींची रांग लागते. तेव्हा बायोसमध्ये जाऊन ती वाट तिसऱ्या पिढीच्या वेगावर आणावी लागते.

आता एक खरं यंत्र घेऊन हिशेब मांडू. एसरचा 'नायट्रो ५', २०२२ सालचं एएन५१५-५८ हे मॉडेल. इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी व्हीरॅमचं आरटीएक्स ३०५० आणि, या किमतीच्या लॅपटॉपांत विरळा, एक थंडरबोल्ट ४ पोर्ट. इथे प्रोसेसर अजून दमदार आहे, दुखणं फक्त ४ जीबीच्या कार्डाचं आहे. डब्यासाठी याहून चांगला उमेदवार मिळणार नाही.

कार्ड घेऊ आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीचं. एप्रिल २०२५ मध्ये ते ४२९ डॉलरला जाहीर झालं. डबा घेऊ रेझरचाच. भारतातले दुकानातले भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून मूळ भाव धरू आणि डॉलर ८५ रुपयांचा मानू. डब्याचे सुमारे २९,७५० आणि कार्डाचे ३६,५०० मिळून ६६,२५० होतात. अमेरिकेतले भाव कराशिवाय सांगतात. त्यावर १८ टक्के जीएसटी चढवला की ७८,००० च्या पुढे गेलो. बऱ्यापैकी पॉवर सप्लायचे सहा हजार धरले तर ८४,०००. घरात मॉनिटर नसेल तर १४४०पीचा एखादा पंधरा हजारांचा. लाखाला टेकलोच. डबा परदेशातून मागवला तर कुरिअर आणि सीमाशुल्क वेगळं.

या पैशांत नायट्रोवाल्याला फरक मात्र जबरदस्त दिसेल. पाचवा हिस्सा वायरने खाल्ला तरी उरलेला वेग आरटीएक्स ३०५० च्या दुपटीपेक्षा जास्त असेल, आणि मेमरी चौपट झाल्यामुळे जे गेम सुरूच होताना रडत होते ते सरळ चालतील.

आता दुसरा ग्राहक घेऊ. त्याच्याकडे पूर्ण ताकदीचं आरटीएक्स ४०६० असलेला लॅपटॉप आहे. त्यात एखादा गेम शंभर फ्रेमने चालतो असं धरू. आरटीएक्स ५०६० टीआय डेस्कटॉपमध्ये तोच गेम साधारण १४० फ्रेमने चालवेल. वायरचा पाचवा हिस्सा वजा केला की उरले ११२. म्हणजे लाखभर रुपये, टेबलावर एक डबा, एक जाडजूड वायर आणि वर बारा फ्रेम! ज्या गेमना ८ जीबी व्हीरॅम अपुरी पडते तिथे या ग्राहकाला जास्त फायदा दिसेल हे खरं, पण तेवढ्यासाठी हा खर्च कोणी करू नये. साधा आडाखा असा: नवं कार्ड डेस्कटॉपमध्ये तुमच्या लॅपटॉपच्या कार्डाच्या निदान दुप्पट वेगाचं नसेल, तर डब्याचा विचार तिथेच थांबवावा.

नायट्रोवाल्यालाही एक प्रश्न स्वतःला विचारावा लागेल. डब्याचे जीएसटीसह पस्तीस हजार झाले. तेवढ्यात डेस्कटॉपचा मधल्या दर्जाचा प्रोसेसर आणि मदरबोर्ड येतो. कार्ड, पॉवर सप्लाय आणि मॉनिटर दोन्हीकडे सारखेच लागणार. म्हणजे रॅम, एसएसडी आणि कॅबिनेट यांची भर घातली की वायरची तूट नसलेला अख्खा डेस्कटॉप उभा राहतो आणि लॅपटॉप लॅपटॉपच्या जागी मोकळा राहतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्याने ही भर पूर्वीसारखी किरकोळ राहिलेली नाही, त्यामुळे पारडं थोडं डब्याकडे झुकलं आहे. पण ते झुकतं ते स्वस्त डब्यामुळे. एडीटी-लिंकचा 'यूटी३जी' हा थंडरबोल्ट आणि यूएसबी४ वर चालणारा उघडा बोर्ड शंभर-सव्वाशे डॉलरच्या आसपास मिळतो. त्याला आवरण नाही, लॅनचं पोर्ट नाही, कार्ड टेबलावर उघडं उभं राहतं. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर विचार करावा. बाकी काम तेच होतं आणि वीस-बावीस हजार वाचतात. नायट्रोवाल्याने बहुधा हाच रस्ता धरावा.

जोडल्यावर काय बिघडतं? गेमिंग लॅपटॉपवर एक तक्रार हमखास येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नव्या कार्डावर पिवळा त्रिकोण दिसतो आणि आत लिहिलेलं असतं:

```
This device cannot find enough free resources that it can use. (Code 12)
```

कार्ड बिघडलेलं नसतं. प्रत्येक ग्राफिक्स कार्डाला यंत्राच्या पत्त्यांच्या नकाशात एक मोठा सलग तुकडा हवा असतो. लॅपटॉपच्या आतल्या कार्डाने एक तुकडा आधीच घेतलेला असतो आणि बायोसने थंडरबोल्टसाठी पुरेशी जागा राखलेली नसते. आधी बायोस अद्ययावत करावा. तरी जमलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आतलं कार्ड 'Disable' करून यंत्र पुन्हा सुरू करावं. बऱ्याचदा एवढ्याने भागतं, काही यंत्रांवर मात्र काही केल्या भागत नाही. पैसे परत मिळण्याची मुदत असलेल्या दुकानातूनच खरेदी करावी, ती यासाठी.

दुसरा घोटाळा गुपचूप होतो. सगळं जोडलेलं असतं, पण गेम आतल्याच कार्डावर चालत राहतो आणि मालक म्हणतो, काही फरक नाही. Settings > System > Display > Graphics इथे जाऊन त्या गेमसमोर बाहेरचं कार्ड निवडावं लागतं. खेळताना टास्क मॅनेजर उघडून कोणत्या कार्डाचा आलेख वर गेला आहे ते पाहिलं की शंका फिटते. वायर किती वाहून नेते हे मात्र 'जीपीयू-झेड'च्या आकड्यावरून ठरवू नये. थंडरबोल्टवर तो कधीकधी पीसीआय एक्स्प्रेस १.१ असं दाखवतो आणि मालकाची झोप उडते. '३डीमार्क'मधली पीसीआय एक्स्प्रेसची चाचणी प्रत्यक्ष वाहतूक मोजते. थंडरबोल्ट ४ वर तिथे अडीच-तीन गिगाबाइट दिसले तर सगळं ठीक आहे. दीडच्या आसपास अडकलं तर दोन लेनचं पोर्ट किंवा चुकीची वायर, यांपैकी एक असणार.

वायरबद्दल एवढंच की थंडरबोल्ट ३ किंवा ४ ची साधी वायर पूर्ण वेगाने ८० सेंटिमीटरपर्यंतच चालते. त्याहून लांब हवी तर आत चिप असलेली महागडी सक्रिय वायर लागते. मोबाइलची चार्जिंगची वायर त्याच भोकात बसते म्हणून ती लावून पाहणारेही भेटतात.

'एकच वायर' या जाहिरातीलाही गेमिंग लॅपटॉपवर मुरड घालावी लागते. जुना कोअर एक्स लॅपटॉपला १०० वॉट देतो, नवा १४०. पातळ ऑफिस लॅपटॉपला ते भरपूर आहे. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर मात्र बहुधा १८० वॉटच्या पुढचा असतो, तेव्हा तो भिंतीला लावून ठेवावाच लागतो. त्यातल्या त्यात एक फायदा होतो. आतलं कार्ड झोपलेलं असल्याने सगळी थंड हवा प्रोसेसरच्या वाट्याला येते, तो पूर्ण वेगाने चालतो आणि लॅपटॉपचे पंखे कमी ओरडतात. आवाज डब्यात जातो.

जुने डबे आता सेकंडहँड बाजारात येऊ लागले आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन असा सौदा करताना एलियनवेअरचा २०१४ चा 'ग्राफिक्स ॲम्प्लिफायर' आणि एसूसचा २०२१ चा 'एक्सजी मोबाइल' यांच्यापासून सावध राहावं. दोन्ही चांगली यंत्रं, पण दोघांची जोडणी कंपनीची स्वतःची. ते पोर्ट नसलेल्या लॅपटॉपला त्यांचा काडीचा उपयोग नाही. थंडरबोल्ट ३ चा जुना डबा मात्र थंडरबोल्ट ४ च्या लॅपटॉपवर जवळजवळ तेवढ्याच वेगाने चालतो, आणि पॉवर सप्लाय आतच असेल तर तो सहा हजारांचा खर्चही वाचतो. विकणाऱ्याकडे जाताना आपला लॅपटॉप आणि चार्जर घेऊन जावं, डब्यात कुठलंही जुनं कार्ड घालायला सांगावं, Code 12 येतो का ते पाहावं आणि एखादा जड गेम अर्धा तास चालू ठेवावा. पॉवर सप्लाय थकलेला असेल तर ताण आल्यावर कार्ड अचानक नाहीसं होतं आणि विंडोज उपकरण निघाल्याचा आवाज करतं. पैसे देण्याआधी तो आवाज ऐकू आला तर निदान भाव तरी खाली आणता येतो.